बाबांचे तळहात पिवळे, डोळे मात्र पांढरे : गाजराचा रस की कावीळ?

आरती_गुहागर | ४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार. जरा काळजीत आहे म्हणून लिहितेय.

माझे बाबा ६१ वर्षांचे. नोव्हेंबरमध्ये डोळे तपासले तेव्हा मोतीबिंदूची सुरुवात आहे असं कळलं. आमच्या एका नातेवाइकांनी गाजराचा रस सुचवला आणि बाबांनी तो व्रतासारखा धरला. रोज दीड किलो गाजरं, सकाळी दोन पेले आणि संध्याकाळी दोन. वर चमचाभर खोबरेल तेल, "म्हणजे अंगी लागतं". गाजरं आमच्याकडे पिकत नाहीत, घाटावरून येतात. भाजीवाला आता न विचारताच पिशवी भरून ठेवतो.

परवा आईने नारळ खोवला आणि बाबा वाटीत हात घालून चव भरायला लागले. पांढऱ्याशुभ्र खोबऱ्यावर त्यांचा हात असा काही पिवळा दिसला की आई दचकलीच. मग नीट बघितलं. तळहात, तळपाय, नाकाच्या बाजूच्या वळ्या, सगळं केशरीकडे झुकणारं पिवळं. डोळे मात्र पांढरे. लघवी नेहमीसारखी, भूक चांगली.

शेजारच्या काकू कावीळ उतरवणाऱ्याकडे न्या म्हणाल्या. आम्ही आधी रक्त तपासलं. बिलिरुबिन ०.६, एसजीपीटी ३१. म्हणजे कावीळ नाही ना? पण व्हिटॅमिन ए जास्त झालं की लिव्हर खराब होतं असंही वाचलं आणि गाजरात तर तेच असतं. गेला महिनाभर त्यांचे ओठ फुटतात, केस गळतात, सकाळी डोकं दुखतं. हे त्यातलंच का?

---

नितळ_पाणी | ४ मार्च, रात्री १०:१५

ताई, रस आजच बंद करा. साधं गणित सांगतो. १०० मिली गाजर रसात साधारण ९ मिलीग्रॅम बीटा कॅरोटीन. चार पेले म्हणजे ८०० मिली, ७० मिलीग्रॅमच्या आसपास. अन्नातल्या १२ भाग कॅरोटीनमधून १ भाग व्हिटॅमिन ए तयार होतं असं पुस्तकात असतं. भागा. जवळजवळ ६ मिलीग्रॅम आलं. मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा आहे ३ मिलीग्रॅम. दुप्पट! तेही चार महिने. इंग्लंडमध्ये १९७४ साली एक माणूस गाजराचा रस पिऊन वारला होता, अंग पिवळं पडून. शोधा, सापडेल.

---

कुडाळची_सई | ४ मार्च, रात्री १०:५२

माझ्या सात महिन्यांच्या लेकीचंही नाक असंच पिवळं दिसतंय! मी तिला रोज लाल भोपळा आणि गाजर शिजवून कुस्करून देते. तिलाही बिलिरुबिन करून घेऊ का? जन्मल्यावर तिला कावीळ झाली होती, दिव्याखाली ठेवली होती. ती परत आली असेल का?

---

तात्या_वेंगुर्ले | ५ मार्च, सकाळी ६:३०

माझ्या आवशीक असाच झाल्ला. लोकांनी सांगितला म्हणान कावीळ उतरवणाऱ्याकडे न्हेला. तेणा चुन्याचा पाणी हातार वतला, पाणी पिवळा झाला. सगळे म्हणाले, बघा, कावीळ उतारली. मगे मी माझो हात फुडे केलंय. माका काय एक झाल्ला नव्हता, तरी पाणी तसाच पिवळा. तेवा कळला. तुमी रक्त तपासलात ता बरा केलात.

---

दीपगृह | ५ मार्च, दुपारी २:१०

मी रत्नागिरीकडे त्वचारोगाचं काम करतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण या धाग्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

आरती, तुम्ही जे वर्णन केलंत ते गाजराच्या पिवळेपणाचं आहे. त्याला कॅरोटिनेमिया म्हणतात. गाजरातलं कॅरोटीन रक्तात साठतं, घामावाटे आणि त्वचेच्या तेलावाटे बाहेर येतं आणि त्वचेच्या सगळ्यात वरच्या जाड, मृत थरात रुतून बसतं. हा थर तळहात-तळपायाला सर्वांत जाड, म्हणून रंग तिथे. नाकाच्या वळ्यांत तेल जास्त, म्हणून तिथेही. आपल्यासारख्या सावळ्या रंगावर इतरत्र तो कळतच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला असा जाड थर नसतो, त्यामुळे तो पांढराच राहतो. काविळीतलं बिलिरुबिन मात्र डोळ्यातल्या तंतूंना घट्ट धरतं, म्हणून कावीळ आधी डोळ्यात दिसते.

डोळे बघताना दिवसाच्या उजेडात, दाराशी उभं करून बघा. आणि बुबुळाच्या लगतचा पांढरा भाग बघा. म्हाताऱ्या माणसांत पापणीच्या आत कोपऱ्यात चरबीचा पिवळट पट्टा असतो, तो बघून माणसं उगाच घाबरतात.

आता नितळ_पाणी यांचं गणित. भागाकार बरोबर आहे, गृहीतक चुकलं आहे. १२ भागांतून १ हे प्रमाण थोड्या मात्रेसाठीचं सरासरी प्रमाण आहे, ते कायम राहत नाही. कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए मुख्यतः आतड्याच्या पेशींत होतं. ते काम करणारं एन्झाइम शरीरातल्या व्हिटॅमिन ए च्या साठ्याकडे बघून चालतं. साठा भरला की त्याचं काम मंदावतं, आणि कॅरोटीन आत घेणंही कमी होतं. जे तरीही आत शिरतं त्यातलं बरंचसं न बदलता रक्तात फिरतं आणि त्वचेत जाऊन बसतं. म्हणून निरोगी माणूस नुसतं गाजर खाऊन पिवळा होतो, पण त्याला व्हिटॅमिन ए ची विषबाधा होत नाही. ३ मिलीग्रॅमची जी मर्यादा तुम्ही सांगितलीत ती तयार व्हिटॅमिन ए साठी आहे, म्हणजे रेटिनॉलसाठी. कॅरोटीन त्यात धरतच नाहीत.

तयार रेटिनॉलला असा अडसर नसतो. यकृत, माशाच्या यकृताचं तेल, गोळ्या, यांतलं रेटिनॉल पोटात गेलं की साठा भरलेला असो वा रिकामा, त्यातला बराच मोठा भाग आत शिरतोच आणि यकृतात साठतो.

आणि इथेच मला तुमची शेवटची ओळ खटकली. फुटलेले ओठ, गळणारे केस, सकाळची डोकेदुखी. हे गाजराने होत नाही. बाबा रसाशिवाय आणखी काही घेतात का? "डोळ्यांची" म्हणून कसलीही गोळी, कॅप्सूल, टॉनिक? घरातला औषधांचा डबा उघडून बघा आणि स्ट्रिपच्या मागचं जसंच्या तसं इथे लिहा.

सई, बाळाचे डोळे पांढरे असतील, शी नेहमीच्या रंगाची असेल आणि ते मजेत खेळत असेल तर हा भोपळ्याचाच रंग. नवजात बाळाची कावीळ वेगळी असते, ती सातव्या महिन्यात अशी "परत" येत नाही. पांढरी शी किंवा गडद लघवी दिसली तर मात्र थांबू नका. पुढच्या लसीच्या वेळी बाळ डॉक्टरांना दाखवाच.

---

आरती_गुहागर | ५ मार्च, रात्री ८:०५

डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून डबा उघडला. आहे! पिवळसर मऊ कॅप्सूल. स्ट्रिपवर लिहिलंय, व्हिटॅमिन ए २५,००० आय.यू., खाली "रेटिनॉल पाल्मिटेट". बाबा म्हणाले, रस सुरू केला तेव्हाच त्याच नातेवाइकांनी सांगितल्या, दुकानातून आणल्या. सकाळी एक, रात्री एक. आम्हाला बोलले नाहीत, कारण "जीवनसत्त्वच तर आहे".

---

दीपगृह | ५ मार्च, रात्री ९:३०

दोन्ही कॅप्सूल आजपासून बंद. रस नंतर बघू.

दिवसाला ५०,००० युनिट होतात. मोठ्या माणसाची मर्यादा १०,००० आहे, म्हणजे पाचपट. चार महिन्यांचे साधारण १२० दिवस धरले तर ६० लाख युनिट पोटात गेले. इतक्या मात्रेवर इतक्या दिवसांत प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. काही जण वर्षभरही घेतात आणि कळत नाही. पण वय, दारू, आधीचं यकृताचं दुखणं यांनी उंबरठा खाली येतो. ओठ फुटणं हे सगळ्यात लवकर दिसणारं लक्षण. त्वचा कोरडी, केस विरळ, मग हाडं-सांधे ठणकणं. डोकेदुखी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण व्हिटॅमिन ए वाढलं की मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढू शकतो.

म्हणून उद्याच फिजिशियनना भेटा, स्ट्रिप सोबत न्या, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मागचा पडदा बघून घ्या. दाब वाढलेला असेल तर डोळ्याच्या मज्जातंतूचं टोक सुजलेलं दिसतं. उलट्या झाल्या, धूसर किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर उद्याची वाट न बघता आजच निघा.

घरात कुणी गरोदर असेल, किंवा त्या तयारीत असेल, तर ती स्ट्रिप तिच्या हाताला लागू देऊ नका. या मात्रेच्या रेटिनॉलने गर्भात व्यंग येऊ शकतं. तिने गाजराची कोशिंबीर खुशाल खावी.

---

सेविका_राजापूर | ६ मार्च, सकाळी ११:२०

एक शंका. मी अंगणवाडीत काम करते. आम्ही मुलांना दर सहा महिन्यांनी व्हिटॅमिन ए पाजतो. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, पुढे पाच वर्षांपर्यंत २ लाख. एवढ्याशा पोराला २ लाख चालतं आणि मोठ्या माणसाला २५,००० ची कॅप्सूल चालत नाही? गावात कुणी विचारलं तर मी काय सांगू? आधीच काही आया डोस द्यायला नको म्हणतात.

---

दीपगृह | ६ मार्च, दुपारी १:४५

बाई, आया हेच विचारणार, म्हणून नीट लिहितो.

तो डोस एकदाच देतात आणि मग सहा महिने काही नाही. यकृत तो साठवतं आणि मूल हळूहळू वापरतं. ज्या मुलाच्या जेवणात हे जीवनसत्त्व कमी आहे त्याच्या रिकाम्या कोठीत सहा महिन्यांचं धान्य एकदम भरण्यासारखं ते आहे. क्वचित एखाद्या मुलाला एक-दोन दिवस उलटी किंवा डोकेदुखी होते आणि आपोआप थांबते. २ लाख युनिट सहा महिन्यांत वाटून बघा, दिवसाला हजार-अकराशेच पडतात. आरतीच्या बाबांनी चार महिन्यांत ६० लाख घेतले, तेही कोठी भरलेली असताना. विष साठतं ते रोजच्या रोज घेण्याने.

आयांना सांगा, डोस चुकवू नका आणि घरी वेगळी कॅप्सूल देऊ नका. तुमच्या वहीत तारीख लिहिलेली असते, ती बघूनच पुढचा डोस.

---

नितळ_पाणी | ६ मार्च, रात्री ९:०५

माझं गृहीतक चुकलं, मान्य. पण १९७४ चा माणूस? तो तर गाजराच्या रसानेच गेला ना? बातम्यांत तसंच छापून आलं होतं.

---

दीपगृह | ६ मार्च, रात्री १०:४०

बेसिल ब्राउन, लंडनजवळच्या क्रॉयडनचा. बातम्यांत गाजराचा रस मोठ्या अक्षरांत आला, कारण ते वाचायला विलक्षण वाटतं. त्याने दहा दिवसांत सुमारे दहा गॅलन रस प्यायला, हे खरं. पण त्याच दहा दिवसांत त्याने व्हिटॅमिन ए चे जवळजवळ ७ कोटी युनिट गोळ्यांतून घेतले होते. यकृत निकामी झालं ते त्या गोळ्यांकडे बोट दाखवतं. कातडी पिवळी व्हायला रस पुरेसा होता. एकाच माणसात दोन्ही एकत्र आल्यामुळे पन्नास वर्षं लोक रसालाच दोष देत आलेत. आरतीच्या घरातही तेच होत होतं, फक्त मात्रा फार लहान.

---

रक्ताची_नळी | ७ मार्च, सकाळी ७:५०

मी चिपळूणमध्ये लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो. असे रुग्ण आम्हाला नळीतच ओळखू येतात. रक्त फिरवल्यावर वरचं पाणी गवताळ पिवळं असायला हवं, यांचं झेंडूसारखं केशरी निघतं. नवीन मुलं लगेच "कावीळ" म्हणतात आणि मशीन बिलिरुबिन ०.६ दाखवतं. तेव्हा आम्ही नळी बाजूला ठेवून विचारतो, गाजर, पपई काही चालू आहे का?

डॉक्टरांनी रेटिनॉलची तपासणी लिहिली तर दोन गोष्टी सांभाळा. सकाळी उपाशीपोटी जा. आणि नळी ताबडतोब फॉइलमध्ये गुंडाळायला सांगा, उजेडाने रेटिनॉल मोडतं. इथून नमुना मुंबईला जातो, उघडी नळी गेली तर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो.

---

दीपगृह | ७ मार्च, दुपारी २:००

फॉइलचं सांगितलंत ते फार बरं झालं. त्यात एवढीच भर, की रक्तातलं रेटिनॉल नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. यकृत रक्तातली पातळी बराच काळ सारखी ठेवतं, साठा आत वाढत असतो. लक्षणं आणि स्ट्रिप हीच खरी साक्ष.

---

मीनल_दापोली | ७ मार्च, रात्री ८:३०

माझी गोष्ट वेगळी आहे. मी दिवसाला जेमतेम एक गाजर खाते, जेवणात पपई असते, तरी माझे तळहात पिवळे झाले. नवऱ्याचे नाहीत, आणि आम्ही एकाच ताटातलं खातो. सहा महिने मी पपई बंद, आंबा बंद करत बसले. शेवटी वजन वाढायला लागलं, थंडी सोसेना, तेव्हा थायरॉइड तपासलं. टीएसएच ३८. गोळी सुरू झाल्यावर चार महिन्यांत हात पूर्ववत. आरती, तुमच्या बाबांचं थायरॉइड बघितलंय का?

---

दीपगृह | ७ मार्च, रात्री ९:५०

मीनलताईंचा मुद्दा खरा आहे. थायरॉइड मंद असला की कॅरोटीनचं रूपांतर कमी होतं, आणि रक्तातली चरबी वाढते, जिच्यावर बसून कॅरोटीन फिरतं. खाल्लेल्या गाजराच्या मानाने रंग फारच जास्त वाटला तर थायरॉइड आणि साखर दोन्ही बघावीत. बाबांच्या बाबतीत दिवसाला दीड किलो गाजर हे एकटंच पुरेसं कारण आहे, पण सुई टोचतच आहेत तर टीएसएचही करून घ्या.

---

तात्या_वेंगुर्ले | ८ मार्च, सकाळी ६:१५

एक इचारू? आमच्याकडे मोरीचा काळीज खातत काय जण. ता पण रेटिनॉलच मा?

---

दीपगृह | ८ मार्च, दुपारी १:१०

होय तात्या. मोरीच्या यकृतात व्हिटॅमिन ए फार असू शकतं, माशाच्या जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे प्रचंड फरक पडतो. मोरीचं मटण खा, ते वेगळं. यकृत मात्र मोठ्या माशाचं आणि पोटभर खाऊ नये. गरोदर बाईने तर नाहीच.

---

आरती_गुहागर | २८ एप्रिल, रात्री ९:१५

सात आठवडे झाले. उशीर झाला त्याबद्दल माफ करा, कलमांचं काम अंगावर होतं.

दुसऱ्याच दिवशी फिजिशियनकडे गेलो. स्ट्रिप बघून तेही तेच म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला, मज्जातंतू सुजलेला नव्हता. लिव्हरचे रिपोर्ट ठीक. रेटिनॉलची नळी मी स्वतः उभं राहून फॉइलमध्ये गुंडाळून घेतली. रिपोर्ट वरच्या मर्यादेच्या थोडासाच वर आला. टीएसएच ६.८, थोडं वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, लगेच गोळी नको, तीन महिन्यांनी परत बघू.

कॅप्सूल बंद केल्यावर दहा-बारा दिवसांत डोकेदुखी गेली. ओठ तीन आठवड्यांत भरले. आई त्यांना रोज रात्री तूप लावायची, आता लावावं लागत नाही. केस अजून गळतात, पण कंगव्यात पूर्वीइतके नाहीत.

रस बाबांनी चारवरून अर्ध्या पेल्यावर आणला, तोही आठवड्यातून दोनदा. तळहात फिके झालेत पण गेलेले नाहीत. मी दर रविवारी पांढऱ्या बशीवर हात ठेवून फोटो काढते. पहिल्या आणि आताच्या फोटोत फरक स्पष्ट आहे, लागोपाठच्या दोन फोटोंत काहीच दिसत नाही. मोतीबिंदू जिथे होता तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले, तो रसाने जाणारा नाही, पिकला की शस्त्रक्रिया.

एक प्रश्न मनात राहिला. आईही चार महिने रोज एक पेला घेत होती, ती अजिबात पिवळी नाही. एवढा फरक नुसत्या पेल्यांचा की थायरॉइडचा?

---

दीपगृह | २९ एप्रिल, दुपारी २:३०

छान. केस सावकाश येतील, त्यांना महिने लागतात. रंगाचंही तसंच. रक्तातलं कॅरोटीन लवकर उतरतं, त्वचेच्या थरात आणि चरबीत बसलेलं हळूहळू सुटतं.

तुमच्या प्रश्नाला तीन उत्तरं संभवतात. चार पेले विरुद्ध एक, हे सरळ. थोडं मंद थायरॉइड, हे दुसरं, पण ६.८ वर मी फार भार टाकणार नाही. तिसरं मला स्वतःला जास्त पटतं. कॅप्सूलनी बाबांचा साठा भरून वाहत होता, म्हणून त्यांच्या आतड्याने कॅरोटीनचं रूपांतर जवळजवळ थांबवलं असेल आणि रसातलं कॅरोटीन आहे तसं त्वचेकडे गेलं असेल. तसं असेल तर त्या पिवळेपणाला कॅप्सूलचाही हातभार होता. हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. साठा उतरल्यावर बाबा पुन्हा आईइतकाच एक पेला घेऊ लागले आणि पिवळे झाले नाहीत, तरी थायरॉइड आणि पेल्यांची संख्या वेगळी काढता येणार नाही.

जुलैमध्ये टीएसएच झालं की आकडा इथे टाका.

---

कुडाळची_सई | २९ एप्रिल, संध्याकाळी ७:४०

लसीच्या वेळी दाखवलं. डॉक्टरांनी लेकीचे डोळे बघितले, पायाचे तळवे दाबून बघितले आणि भोपळा एक दिवसाआड करायला सांगितला. मधल्या दिवशी मऊ भात आणि मुगाचं वरण. नाक अजून पिवळंच आहे.